बिलातून जास्त कापलेले १,४४० रुपये मिळण्याबाबत

नाशिक, ३ मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक, लेखा विभाग
(अंबड एमआयडीसी, नाशिक)

महोदय,

आपल्या कंपनीच्या मशीन पार्ट्सच्या कॅटलॉगचं डिझाइन मी केलं आणि ५ डिसेंबरला बिल दिलं. काम ८०,००० आणि १८ टक्के जीएसटी १४,४००, असे एकूण ९४,४०० रुपये. बिलावर जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवलेला आहे. २४ डिसेंबरला खात्यात ८४,९६० रुपये जमा झाले, म्हणजे ९,४४० कमी. फोन केला तर आपल्याकडच्या ताई म्हणाल्या, "टीडीएस कापलाय, २६एएसमध्ये दिसेल."

टीडीएस कापायला माझी हरकत नाही. व्यावसायिक सेवेवर कलम १९४जे प्रमाणे दहा टक्के कापायचेच असतात. म्हणून तिमाहीचं विवरणपत्र भरलं जाईपर्यंत थांबले. फेब्रुवारीत २६एएस उघडलं. आपल्या कंपनीच्या टॅनखाली रक्कम ८०,०००, कापलेला कर ८,०००, स्थिती 'F'. आपण दिलेल्या फॉर्म १६एवरही ८,०००च आहेत.

मग उरलेले १,४४० कुठे गेले? हिशेब केला, तर १४,४००चे बरोबर दहा टक्के. पेमेंट करताना टीडीएस जीएसटीसकट पूर्ण बिलावर लावला गेला आणि विवरणपत्रात मात्र बरोबर, फक्त कामाच्या रकमेवर दाखवला गेला, असं दिसतं. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१७च्या परिपत्रक क्रमांक २३ मध्ये स्पष्ट आहे.

हे पैसे मला रिटर्नमध्येही मिळणार नाहीत. तिथे ९,४४० लिहिले तरी श्रेय ८,०००चंच मिळेल आणि वर तफावतीची विचारणा येईल. जीएसटी मात्र मी जानेवारीतच पूर्ण १४,४०० भरला आहे. तो सरकारचा पैसा, त्यातून माझ्यासाठी काही उरत नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसला येऊन गेले, तेव्हा "सीएंना विचारून सांगतो" असं उत्तर मिळालं. विचारायचं एवढंच आहे, माझ्या नावाने चलनात ८,००० भरले की ९,४४०. ८,००० असतील तर १,४४० रुपये आपल्याकडेच आहेत, ते १५ मार्चपर्यंत माझ्या खात्यात जमा करावेत. ९,४४० भरले असतील तर २६क्यूचं दुरुस्ती विवरणपत्र भरून नवा फॉर्म १६ए द्यावा.

आणि पुढच्या बिलाला कृपया ८०,०००च्याच ओळीवर दहा टक्के लावा. एप्रिलमध्ये दुसरा कॅटलॉग आहेच.

सोबत: बिल, बँकेच्या नोंदीची प्रत, २६एएसचं पान.

आपली,
फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर, गंगापूर रोड, नाशिक