झेड स्कोअर आणि माझे अकरा लाख

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कंपनी बुडणार का? पाच आकड्यांत उत्तर’ हा लेख काल वाचला. लेखकमहाशय उत्साही आहेत. लहान पुरवठादारांनी माल द्यायच्या आधी गिऱ्हाइकाचा झेड स्कोअर, म्हणजे ताळेबंदातल्या पाच गुणोत्तरांवरून कंपनी बुडण्याचा धोका सांगणारा आकडा, काढावा, असा त्यांचा सल्ला आहे. मी लहान पुरवठादारच आहे. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना लाकडी पेट्या पुरवतो. आणि हा स्कोअर काढूनच मी अकरा लाख चाळीस हजार घालवले आहेत.

गिऱ्हाईक इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती, नाव लिहीत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी मोठी ऑर्डर दिली. ४५ दिवसांची उधारी एव्हाना ९० दिवसांवर गेली होती, म्हणून मी कचरत होतो. पुतण्या सीए आहे. त्याने सरकारी संकेतस्थळावर शंभर रुपये भरून त्यांचा मार्चअखेरचा ताळेबंद उतरवला. एकूण मालमत्ता १० कोटी, विक्री १८ कोटी, व्याज-कराआधीचा नफा १ कोटी २० लाख. खेळते भांडवल ३ कोटी, साठलेला नफा २ कोटी, स्वतःचे भांडवल नफ्यासकट ३ कोटी, देणी ७ कोटी. तुमच्या लेखातल्याच सूत्राने उत्तर आले ३.०९. म्हणजे २.९९ च्या वर, सुरक्षित. “काका, द्या बिनधास्त.” दिला.

फेब्रुवारीत गेटला कुलूप.

नंतर दोघे मिळून पुन्हा कागद घेऊन बसलो. पहिली चूक आमचीच. ते सूत्र अमेरिकन प्राध्यापक एडवर्ड आल्टमन यांनी १९६८ साली अमेरिकेतल्या ६६ कारखानदार कंपन्यांवरून बसवले. त्या शेअर बाजारात नोंदलेल्या होत्या आणि चौथ्या गुणोत्तरात, म्हणजे स्वतःचे भांडवल भागिले देणी यात, भांडवल म्हणून शेअरचा बाजारभाव धरला होता. जिचा शेअर बाजारात विकलाच जात नाही तिच्यासाठी त्यांनीच पुढे वेगळे गुणक दिले. त्या गुणकांनी मोजले तर त्याच कंपनीचे २.७३ येतात आणि तिथे सुरक्षिततेची रेषा २.९० आहे. म्हणजे ‘सांगता येत नाही’ असा पट्टा. हे तुमच्या लेखकांनी एका ओळीत सांगितले असते तर जागा कमी पडली असती का?

पण खरी गोम पुढे आहे. खेळत्या भांडवलात येणेबाकी साडेचार कोटींची होती, आणि त्यातले अडीच कोटी एका ठेकेदाराकडे वर्षाहून जास्त अडकलेले होते. पॅनेल नापास झाली म्हणून तो पैसेच देत नव्हता. झेड स्कोअरला काय, उद्या येणारा रुपया आणि कधीच न येणारा रुपया सारखाच. तेच अडीच कोटी बुडीत धरून आम्ही पुन्हा मोजले. वर्षाचा नफा जाऊन १ कोटी ३० लाखांचा तोटा झाला, ३ कोटींचे भांडवल ५० लाखांवर आले. आणि स्कोअर? १.८८. प्रायव्हेट कंपनीसाठी धोक्याची रेषा १.२३ आहे, म्हणजे अजूनही ‘सांगता येत नाही’! कारण विक्री भागिले मालमत्ता हा आकडा उलट १.८ वरून २.४ वर चढला, मालमत्ता घटली ना. नुसत्या उलाढालीने बाकीची घाण झाकली. हे गुणोत्तर धंद्याधंद्यागणिक फार बदलते, म्हणून बिगरकारखानदार कंपन्यांसाठीच्या सूत्रातून आल्टमन यांनी ते काढूनच टाकले.

ठेकेदाराची ती उघराणी लपवलेलीही नव्हती. येणेबाकी किती जुनी आहे याचा तक्ता २०२१-२२ पासून ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावाच लागतो: सहा महिन्यांच्या आतली, एक ते दोन वर्षांची, तीन वर्षांवरची. आमच्या हातातल्या कागदांत तो शेवटून तिसऱ्या पानावर होता. आम्ही पाच आकडे घेऊन खूश, तिथवर गेलोच नाही. शिवाय मार्चचा ताळेबंद आम्ही नोव्हेंबरात वाचत होतो. मधल्या आठ महिन्यांत काय झाले हे त्यात कसे असणार? ते मला माझ्या वहीत दिसत होते, ४५ चे ९० दिवस. पुतण्याच्या गणितापुढे मी माझ्याच वहीला खोटे ठरवले.

लेखकांना माझा नमस्कार सांगा. आणि जाता जाता, त्यांच्या कोष्टकात मूळ सूत्राची धोक्याची रेषा १.१८ छापली आहे, ती १.८१ आहे. आमच्याकडे अंक एक दिवस शिळा येतो, त्याची सवय झाली आहे, पण आकडे तरी ताजे तपासून द्यावेत.

आपला,
एक पेटीवाला,
दांडिया बाजार, वडोदरा