सिमकार्ड बंद करण्याची घाई नको

महोदय,

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही त्याचं सिमकार्ड बंद केलं, आणि तिथंच चुकलो. त्याच्या कॉम्प्युटरवर विकत घेतलेले शंभरेक गेम होते. तो आणि माझा पुतण्या रात्ररात्र खेळत बसायचे. पासवर्ड वहीत सापडला, पण ओटीपी त्याच बंद नंबरावर जाऊ लागला. गेम विकणाऱ्या कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला, तर खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, असं उत्तर आलं.

राग आला, पण नियमच तसा आहे. आपण पैसे मोजतो ते गेमचे नव्हे, त्या खातेदारापुरत्या वापराच्या परवान्याचे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या करारातही खातं हस्तांतरित करता येत नाही असं कलम आहे. मृत्युपत्रात नाव घातलं तरी कंपनी ते मानेलच असं नाही.

जिवंतपणी मात्र बरंच करता येतं. स्टीमवर सहा जणांचं कुटुंब जोडता येतं, म्हणजे एकाचे गेम बाकीच्यांना उसने घेऊन खेळता येतात. मुलाचं खातं वेगळं काढलं तर त्यानं खेळून गाठलेला टप्पा त्याच्याच खात्यात राहतो. अर्थात मूळ खातं बंद झालं की उसने गेम गेलेच. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येते, एकट्यानं खेळायला पुढं खातं लागत नाही. आणि पासवर्डसोबत, ओटीपी मिळाला नाही तर खातं उघडून देणारा रिकव्हरी कोडही कागदावर लिहून, एलआयसीच्या पॉलिसीजवळ ठेवा. आमच्या घरात तेवढा एक कागद नव्हता.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर