अखाजीआधी ओमला शिकवायचं ते

चि. सौ. रेखास अनेक आशीर्वाद.

अखाजीला तू माहेरी आलीस की गल्लीतल्या बायका दुपारभर तुला भेटायला येत राहतील. त्यांना पाणी द्यायचं काम मी ओमला देणार आहे. सात वर्षांचा झालाय, जमेल त्याला. पण इथे आल्यावर एकदम सांगितलं तर बुजेल, म्हणून आतापासूनच सुरुवात कर.

आधी काही दिवस फक्त दारातलं घे. आलेल्या माणसाकडे बघून 'नमस्कार, या, बसा' एवढंच. कुणी 'राम राम' म्हटलं तर त्यानेही 'राम राम' म्हणायचं. पाया पडायची सक्ती नको. आणि तो गप्प राहिला तर पाहुण्यांसमोर 'बोल ना, मुका आहेस का?' असं म्हणू नकोस. तेवढ्याने पोरगं पदराआड जातं, मग दिवसभर बाहेर येत नाही. तू स्वतः नमस्कार करून बोलायला लाग. त्याला पाहुणे गेल्यावर सांग.

मग पाणी. छोटा स्टीलचा पेला घे आणि दोन बोटं रिकामा ठेवायला शिकव. आपल्याकडे बरेच जण वरून पितात, काठोकाठ भरलेलं पाणी त्यांच्या अंगावर सांडतं. पेला खालून धरायचा, काठाला बोट लावायचं नाही, आणि समोरच्याने नीट धरल्याशिवाय सोडायचा नाही. वैशाखाच्या उन्हातून आलेल्याला फ्रिजचं नको, माठातलंच द्यायचं, सोबत गुळाचा खडा. पिऊन झालं की 'अजून आणू का?' विचारून रिकामा पेला आत न्यायचा. गरम चहा मात्र त्याच्या हातात देऊ नकोस, तो आपण नेऊ.

सगळ्यात अवघड आहे ते विचारणं. 'काही हवंय का?' म्हटलं की माणूस भिडेने 'नको रे बाळा' म्हणतो आणि पोरगं खुशाल खेळायला पळतं. समज, भर दुपारी एक काकू बसस्टँडवरून चालत आल्या. पदराने वारा घेताहेत, घसा कोरडा आहे, पण मागायला लाजतात. ओमने पाणी देऊन तिथेच थोडं थांबावं आणि जे दिसतं तेच विचारावं: 'पंखा वाढवू का?' मग, 'आईला चहा ठेवायला सांगू, की पन्हं आणू?' दोन गोष्टी समोर ठेवल्या की काकू एक सांगतातच. तरी 'नको' म्हणाल्या, तर थोड्या वेळाने आणखी एकदा विचारावं. दुसऱ्यांदाही नको आलं की ते खरं मानायचं. तिसऱ्यांदा गळ घातली तर उपास असलेल्या किंवा साखर वर्ज्य असलेल्या माणसाची उगाच पंचाईत होते.

घरी सराव करताना जावईबापूंना पाहुणा कर आणि त्यांना दारातून आत यायला लाव. ओमला खेळ वाटेल. येताना त्याचा सवयीचा पेला घेऊन ये, इथले पेले त्याच्या हाताला मोठे होतील.

तुझी आई