मंत्र, स्तोत्र आणि आरती : म्हणण्याची रीत आणि वेळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की घरोघरी आणि मंडळांत आरत्यांची छोटी पुस्तिका बाहेर निघते. तिच्यात गणपती अथर्वशीर्ष, संकटनाशन स्तोत्र, ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आणि मंत्रपुष्पांजली एकामागून एक, एकाच ठशात छापलेली असतात, आणि बहुतेक ठिकाणी ती म्हटलीही एकाच सुरात, एकाच टाळ्यांवर जातात. या चारही रचना गणपतीपुढे म्हणायच्या असल्या तरी त्यांची जात एक नाही. कोणत्या रचनेत काय पक्के ठरलेले आहे आणि कशात मोकळीक आहे, हे कळले की ती कशी आणि केव्हा म्हणावी याचे उत्तर बहुतेक आपोआप मिळते. म्हणून हा पत्रप्रपंच.

मंत्रात उच्चार ठरलेला असतो. ‘गणानां त्वा गणपतिं हवामहे’ ही ऋचा ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या तेविसाव्या सूक्तातली पहिली. ऋषी गृत्समद, देवता ब्रह्मणस्पती, छंद जगती. छापील संहितेत अक्षराखाली आडवी रेघ असेल तर ते अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ असेल तर स्वरित, आणि उदात्ताला खूण नसते. हे चढउतार म्हणणाऱ्याच्या आवडीचे नाहीत, ते पाठाचाच भाग आहेत. स्वर चुकला तर काय होते, हे सांगण्यासाठी जुने आचार्य त्वष्ट्याची कथा देतात. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून त्याने ‘इन्द्रशत्रु’ शब्द घालून आहुती दिली, पण उदात्त शेवटच्या अक्षरावर द्यायचा तो पहिल्या अक्षरावर दिला. त्यामुळे ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ न राहता ‘इंद्र ज्याला मारणारा’ असा झाला, आणि त्याचा पुत्र वृत्र इंद्राच्याच हातून मेला.

‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या ग्रंथात वाईट पाठकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: गीती, शीघ्री, शिरःकम्पी, लिखितपाठक, अनर्थज्ञ आणि अल्पकण्ठ. म्हणजे गाऊन म्हणणारा, घाईने म्हणणारा, मान हलवत म्हणणारा, पोथीत पाहून म्हणणारा, अर्थ न जाणणारा आणि दबक्या आवाजात म्हणणारा. यातला पहिलाच दोष गाण्याचा आहे, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तबल्याच्या ठेक्यावर एखाद्या रागात बांधलेली वैदिक सूक्ते कानाला गोड लागतात, पण त्यांत ऋचेचा स्वतःचा स्वर झाकला जातो. सामवेदात ऋचा गायल्या जातात हे खरे. मात्र तिथले गानही परंपरेने ठरलेले आहे, गायकाने बसवलेली ती चाल नव्हे. पुस्तकात पाहून म्हणण्याचा दोष मला नवशिक्याला लावावासा वाटत नाही. पाठ चुकण्यापेक्षा पुस्तक समोर असलेले बरे.

अथर्वशीर्षाचा बराच भाग गद्य आहे, आणि गद्याला ताल नसतो. तरीही सामुदायिक पठणात ते एखाद्या पद्यासारखे समान तुकड्यांत म्हटले जाते आणि श्वास नको तिथे तुटतो. ‘त्वमेव केवलं कर्तासि’, ‘त्वमेव केवलं धर्तासि’ अशी वाक्ये अख्खी एका श्वासात घ्यावीत आणि विराम वाक्याच्या शेवटी द्यावा. याच उपनिषदात ‘गं’ हे बीज कसे उच्चारायचे तेही सांगितले आहे: आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार, आणि त्यावर बिंदू. देवता असलेल्या अक्षराची घडण एवढ्या बारकाईने सांगणाऱ्या पाठाला घाई मानवत नाही. अनेक आवर्तने करायची असली तर मूळ पाठ तेवढ्या वेळा म्हणून फलश्रुती शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणण्याची रीत आहे. पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर ऋषिपंचमीला पहाटे हजारो स्त्रिया हे पठण एकत्र करतात. एवढ्या मोठ्या समुदायातही सर्वांनी एकाच लयीत, सावकाश म्हणणे साधते, हे तिथे ऐकायला मिळते.

मंत्राची वेळ तो कशासाठी योजला आहे त्यावर ठरते. षोडशोपचार पूजेत पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा सोळा उपचारांना वाटून दिलेल्या आहेत. पहिली ‘सहस्रशीर्षा पुरुषः’ आवाहनाला, सहावी ‘यत्पुरुषेण हविषा’ स्नानाला, आणि सोळावी ‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’ मंत्रपुष्पाला. ऋचा आणि हातातली कृती एकत्र चालतात. ज्याला वेदमंत्र येत नाहीत त्याच्यासाठी पुराणोक्त पूजेचे श्लोक आहेत, आणि तेही जमत नसतील तर ‘श्रीगणेशाय नमः’ म्हणून प्रत्येक उपचार अर्पण करता येतो. जप म्हणून मंत्र घ्यायचा झाला तर मनुस्मृतीत मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठांतल्या ओठांत केलेला, ज्याला उपांशु म्हणतात तो, आणि त्याहून मनातल्या मनात केलेला जप श्रेष्ठ मानला आहे. जपाचा मंत्र ध्वनिक्षेपकावरून दिवसभर वाजवत ठेवणे या विचाराच्या नेमके उलट आहे.

स्तोत्राचे बंधन वृत्ताचे. संकटनाशन स्तोत्र अनुष्टुभ छंदात आहे: आठ अक्षरांचा एक चरण, असे चार चरण. ‘प्रणम्य शिरसा देवं’ मोजून पाहा, आठ अक्षरे भरतील. पाचवे अक्षर ‘र’ लघू, सहावे ‘सा’ गुरू. पुढच्या ‘गौरीपुत्रं विनायकम्’ या चरणात पाचवे ‘वि’ लघू, सहावे ‘ना’ गुरू आणि सातवे ‘य’ पुन्हा लघू. ही मोजणी सांभाळली तर चाल कोणतीही लावावी. स्तोत्र एकट्याने पुटपुटावे, मुलांकडून पाठ करून घ्यावे, पेटीवर म्हणावे, सगळे चालते. बिघडते ते ऱ्हस्व-दीर्घ बदलल्यावर आणि जोडाक्षरे फोडल्यावर, आणि ते ओळखणेही सोपे आहे, कारण चरणात अक्षर कमी किंवा जास्त झाले की म्हणणारा अडखळतो.

स्तोत्र संस्कृतच असावे असेही नाही. समर्थ रामदासांचे ‘भीमरूपी महारुद्रा’ मराठीत आहे आणि तेही अनुष्टुभ वळणाचे: ‘वनारी अंजनीसूता, रामदूता प्रभंजना’. स्तोत्राची वेळ बहुधा त्याच्याच फलश्रुतीत सापडते. संकटनाशन स्तोत्रात गणपतीची बारा नावे ‘त्रिसंध्यं’ म्हणजे सकाळ, दुपार आणि संध्याकाळ म्हणावीत असे सांगितले आहे. आपल्याकडे दिवेलागणीला देवापुढे निरांजन लावून स्तोत्रे म्हणण्याचा जो परिपाठ आहे, तो यातल्या एका संध्येचाच आहे. घेतलेले स्तोत्र फलश्रुतीसह एका बैठकीत पुरे करावे, इतकाच नियम मी घरात पाळायला सांगेन.

रामरक्षा मात्र या वर्गवारीत सरळ बसत नाही. तिच्या आरंभीच ‘अस्य श्रीरामरक्षास्तोत्रमन्त्रस्य’ असे म्हणून बुधकौशिक ऋषी, अनुष्टुभ छंद, सीता शक्ती आणि हनुमान कीलक अशी मंत्राची सगळी सामग्री दिली आहे, आणि जपाचा विनियोगही सांगितला आहे. म्हणून रामरक्षा चालीत म्हटली तरी हा आरंभीचा गद्य भाग आणि त्यानंतरचे ध्यान सावकाश, चाल न लावता म्हणावे.

आता आरती आणि अभंग. इथे भाव आणि ताल मुख्य, आणि शब्द समूहाच्या तोंडी बसतील असे बांधलेले. ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवूनियां’ या तुकोबांच्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार भाग आहेत, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भागांचे यमक जुळते. तिसऱ्या भागानंतरचा आखूड चौथा भाग टाळकऱ्यांना उचलून धरायला मोकळा मिळतो. इथे धृपद दहा वेळा घोळवावे, चाल बदलावी, टाळ-मृदंगाने लय चढवावी, ते सगळे रचनेला शोभते. अशा पदाच्या शेवटी बहुधा कवीची मुद्रा असते: ‘तुका म्हणे’, किंवा गणपतीच्या आरतीतले ‘दास रामाचा वाट पाहे सदना’. मोकळीक चालीला आहे, शब्दांना नाही, हेही सांगायला हवे. ‘फणिवरबंधना’ म्हणजे नागाचा कमरबंद असलेला. ते ‘फळीवर वंदना’ असे म्हणू नये, आणि ‘संकटी पावावे’चे ‘संकष्टी’ करू नये.

एका संध्याकाळच्या आरतीचा क्रम घेऊन हे सगळे पाहता येईल. दिवा ओवाळताना आरत्या झांज-टाळ्यांसह, मोकळ्या गळ्याने म्हणाव्यात. त्यानंतर ‘घालीन लोटांगण’. यात पहिले कडवे नामदेवांचे मराठी, त्यानंतर ‘त्वमेव माता’ आणि भागवतातला ‘कायेन वाचा’ हे संस्कृत श्लोक, मग ‘अच्युतं केशवं’, आणि अखेरीस ‘हरे राम’ हे नाम. पद, श्लोक आणि नाम अशी ही जोडणी लोकांनी एका चालीत गुंफली आहे आणि ती तशीच गावी, कारण त्यात वैदिक स्वरांचा प्रश्न येत नाही.

पण मग मंत्रपुष्पांजली सुरू होते, आणि तिथे टाळ्या व झांजा थांबायला हव्यात. तिचा पहिला मंत्र म्हणजे पुरुषसूक्तातली तीच सोळावी ऋचा. ‘राजाधिराजाय’ तैत्तिरीय आरण्यकातला आहे, ‘साम्राज्यं भौज्यं’ आणि ‘तदप्येष श्लोकोऽभिगीतः’ हे ऐतरेय ब्राह्मणातले, राज्याभिषेकाच्या प्रकरणातले. ऐतरेय ब्राह्मणाच्या उपलब्ध पाठाला स्वरचिन्हे नाहीत, तेव्हा तो भाग सर्वांनी एकाच पट्टीत, शब्द सुटे आणि स्पष्ट ठेवून म्हणावा. ‘प्रसह्यसाहिने’ हा एक शब्द आहे, तो तोडू नये; उलट ‘कामकामाय’ आणि ‘मह्यम्’ हे दोन आहेत, ते चिकटवू नयेत. फुले मुठीत धरून उभे राहावे आणि पाठ पुरा झाल्यावरच वाहावीत. मध्येच फुले उधळू लागली की शेवटचा श्लोक कोणी पुरा म्हणत नाही. मंत्रपुष्प हा पूजेचा सोळावा, शेवटचा उपचार आहे, म्हणून राहिलेली एखादी आरती आठवली तर ती त्याच्या आधी घ्यावी, नंतर नव्हे.

पूजेनंतर भजन करायचे असेल तर त्याला अशी कोणतीच मर्यादा नाही. तुकोबांनी आपल्याला गुरूकडून मिळालेला मंत्र ‘रामकृष्णहरी’ हा अभंगातच उघड सांगितला, आणि वारकरी तो टाळ-मृदंगावर गातात. गाऊन म्हणू नये हा नियम वैदिक पाठाचा. नामाला तो लागू नाही. त्याच्या वेळेविषयी ज्ञानदेवांचा हरिपाठ म्हणतो, ‘काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं’.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)