शनिवारच्या फोनवरून

बाळा,

शनिवारी फोनवर तू जे सांगितलंस ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. बस स्टॉपवर म्हातारे आजोबा चक्कर येऊन खाली बसले, पंचवीस-तीस माणसं होती, तुझी बस आली आणि तू चढलास. वर म्हणालास की पप्पा, पुण्यात माणुसकीच राहिली नाही. मी तेव्हा गप्प बसलो कारण आई शेजारी होती, आणि मला माझं आठवलं.

गेल्या महिन्यात पोवई नाक्याच्या अलीकडे एक पोरगा स्कूटीवरून घसरला. मी भाजीची पिशवी घेऊन परत येत होतो, थांबलो. पंधरा-वीस जण गोळा झालेले. एकजण व्हिडिओ काढत होता, एकजण हे खड्डे कधी बुजवणार वगैरे सुरू झालेला, आणि पोराच्या खिशातला फोन सारखा वाजत होता, कोणी हात लावेना. मी पण नाही. मला वाटलं अँब्युलन्सला फोन झालाच असणार, एवढी माणसं आहेत. चांगली सात-आठ मिनिटं गेली मग एका बाईने मोठ्याने विचारलं, "१०८ ला कोणी लावला का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच लावला नव्हता!

घरी येऊन यावर खूप वाचलं. याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला आणि ३८ जण नुसते बघत राहिले अशी बातमी पेपरात आली. ती फुगवलेली होती हे पुढे उघड झालं, बऱ्याच जणांनी नुसता आवाज ऐकलेला, पण त्या बातमीवरून डार्ली आणि लाताने या दोघांनी १९६८ मध्ये जो प्रयोग छापला तो खरा बघण्यासारखा आहे. कॉलेजच्या पोरांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, माइकवरून एकमेकांशी गप्पा मारायच्या. त्यातला एकजण म्हणतो मला कधीकधी फिट येते, आणि थोड्या वेळाने बोलता बोलता त्याची जीभ अडखळायला लागते, मदत करा म्हणतो. म्हणजे ते सगळं रेकॉर्डिंग होतं पण पोरांना काय माहीत. तर ज्याला वाटत होतं की हे ऐकणारा मी एकटाच, त्यांच्यातले ८५ टक्के आवाज बंद व्हायच्या आत मदतीला उठले. अजून एकजण ऐकतोय असं वाटलं की ६२. अजून चौघं ऐकतायत असं वाटलं तर फक्त ३१.

आता गंमत ऐक. जे उठले नाहीत ते मजेत बसले नव्हते. शेवटी प्रयोग घेणारा माणूस आत गेला तर त्यांचे हात थरथरत होते, तळहाताला घाम, आणि विचारत होते की तो बरा आहे ना. म्हणजे काळजी होती पण जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला उठण्याइतकी उरलीच नाही. बाकीच्यांमुळे आपण थांबलो हे पण त्यांना पटत नव्हतं. तू पण तेच म्हणालास, "मला बस पकडायची होती."

मग आपलं कर्तव्य आहे का? कायद्याने बघशील तर आपल्याकडे वाटेवरच्या अनोळखी माणसाला मदत केलीच पाहिजे असं सरसकट बंधन नाही, अपघात केलेल्या ड्रायव्हरवर आहे. पोलिसांच्या लफड्याची भीती म्हणशील तर २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४-अ आलं, चांगल्या भावनेने मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची पण सक्ती नाही. पण मला विचारशील तर कर्तव्य आहे, फक्त लोक समजतात तेवढं मोठं नाही. पोराला उचलून रिक्षात कोंबणं माझं काम नव्हतंच, उलट मानेला लागलं असेल तर तसं उचलल्याने वाटोळं होतं. माझं काम एवढंच होतं, फोन झालाय का हे विचारणं. दोन सेकंदांचं काम, आणि ज्याला फुकटात करता येतं त्याने ते न करणं याला मी तरी चूकच म्हणतो, मग शेजारी वीस असोत की दोनशे. तुझं ऑफिस बुडावं असं नाही म्हणत मी, पण आजोबांना "काय होतंय" एवढं विचारून पुढची बस मिळाली असती.

आणि गर्दीला "कोणीतरी फोन करा" असं म्हणायचं नाही, ते कोणालाच लागू होत नाही. त्या बाईने बरोबर केलं, बोट दाखवून म्हणाली, "ओ निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा, आणि काका, तुम्ही तो फोन उचला." दोघंही लगेच हललो. फोनवर त्याची आई होती.

परवा दूध आणायला गेलो तर तो निळ्या शर्टवाला भेटला. पोरगा घरी आलाय म्हणाला, पाय प्लास्टरमध्ये आहे. मग जरा थांबून म्हणतो, "काका, तुम्ही वयाने मोठे, सगळ्यात पुढे उभे होता, मला वाटलं फोन तुम्हीच केला असणार."

पप्पा