ठरलेले निकष बाजूला ठेवून पीओसी ‘यशस्वी’ दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
बिलिंग व गोदाम सॉफ्टवेअर विभाग

विषय : औषध घाऊक विक्रीच्या सॉफ्टवेअरची पीओसी, तिचा अंतिम अहवाल आणि त्यावर आकारलेला परवाना हप्ता

संदर्भ : चाचणी सुरू होण्यापूर्वी उभयपक्षी सह्या झालेले निकषपत्र

महोदय,

आपल्या सॉफ्टवेअरची आमच्या पुण्यातील गोदामावर झालेली पीओसी, म्हणजे खरेदीपूर्वीची चाचणी, ‘100 पैकी 87 गुणांनी यशस्वी’ ठरली, असा अहवाल आपल्या कार्यालयाने पाठवला आहे. सोबत परवान्याच्या पहिल्या हप्त्याचे बिलही जोडले आहे. हा अहवाल आम्हाला मान्य नाही आणि बिल आम्ही परत करत आहोत. आमच्या मते तीनही अनिवार्य निकषांवर सॉफ्टवेअर नापास झाले आहे. त्याची कारणे आपल्याच लॉगमधील आकड्यांनिशी पुढे देत आहोत.

आधी गुणांबद्दल. निकषपत्रात आठ निकष होते. त्यांतले तीन ‘अनिवार्य’ आणि पाच ‘इष्ट’ होते. एकही अनिवार्य निकष चुकला तर खरेदी होणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. गुणांची पद्धत फक्त इष्ट निकषांसाठी होती, म्हणजे तीनही अनिवार्य निकष पार पडल्यानंतर किंमत आणि सेवेच्या अटी ठरवताना उपयोगी पडावी म्हणून. आपल्या अहवालात आठही निकषांना गुण देऊन बेरीज केली आहे. त्यामुळे रिपोर्टची मांडणी, मोबाइलवरची ऑर्डर यांसारख्या इष्ट गोष्टींत मिळालेल्या भरघोस गुणांनी अनिवार्य निकषांतली तूट भरून निघाली. दुहेरी ई-इन्व्हॉइस तयार करणारे सॉफ्टवेअर सुबक रिपोर्ट काढते म्हणून आम्हाला चालणार नाही. अनिवार्य निकष वेगळे काढले होते ते याच कारणासाठी.

पहिला अनिवार्य निकष गर्दीच्या वेळेचा होता. संध्याकाळी 5 ते 7 या वेळात केमिस्टच्या ऑर्डरी एकदम येतात आणि गाड्या सुटण्याआधी सगळी बिले निघावी लागतात. म्हणून असे ठरले की 12 काउंटर एकाच वेळी चालू असताना ‘सेव्ह’ दाबल्यापासून बिल छपाईला तयार होईपर्यंतचा वेळ 100 पैकी किमान 95 बिलांत 4 सेकंदांच्या आत असावा आणि कोणतेही बिल 15 सेकंदांपुढे जाऊ नये. आपल्या अहवालात मात्र ‘सरासरी 2.6 सेकंद, निकष पूर्ण’ असे लिहिले आहे. सरासरी हा आपला निकष नव्हता आणि ती मुद्दाम टाळली होती. आपण दिलेल्या लॉगमध्ये 600 बिले आहेत. त्यांतली 531 बिले 4 सेकंदांच्या आत निघाली आणि त्यांची सरासरी 1.7 सेकंद आहे. उरलेल्या 69 बिलांची सरासरी 9.5 सेकंद आहे. दोन्ही गट एकत्र केले की 2.6 हा आकडा येतो आणि संथ बिले त्यात झाकली जातात. 95 टक्क्यांसाठी 570 बिले वेळेत निघायला हवी होती. प्रत्यक्षात प्रमाण 88.5 टक्के आहे. शिवाय चार बिलांनी 15 सेकंदांची मर्यादाही ओलांडली.

या 69 पैकी 66 बिलांत 25 पेक्षा जास्त ओळी आहेत. वेळ ओळींच्या प्रमाणात वाढताना दिसतो : 10 ओळींना साधारण दीड सेकंद, 60 ओळींना 9 सेकंद. यावरून आपले सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीसाठी बॅच आणि शिल्लक डेटाबेसला वेगवेगळी विचारत असावे असे दिसते. सगळ्या ओळींची विचारणा एकत्र केली असती तर वेळ ओळींबरोबर असा सरळ चढला नसता. त्यामुळे सर्व्हरची मेमरी वाढवण्याचा आपला सल्ला मूळ कारणाला हात घालत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की फेरचाचणीसाठी आपल्या अभियंत्यांनी 25 ओळींवरील बिले संचातूनच काढून टाकली आणि मग 98 टक्के असा निकाल दाखवला. आमच्याकडची मोठी बिले ही मोठ्या केमिस्टची असतात. ती वगळून केलेली चाचणी आमच्या कामाची नाही.

दुसरा निकष जुना डेटा आणण्याचा. 31,000 चालू बॅच नव्या प्रणालीत आल्या पाहिजेत आणि प्रत्येक बॅच क्रमांक मूळ यादीशी अक्षरशः जुळला पाहिजे, असे ठरले होते. फाइल वाटेत कोणत्याही एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा सेव्ह करायची नाही, ही अटही लिहिलेली आहे. आपल्या अहवालात ‘ओळींची संख्या जुळली, साठ्याची किंमत रुपयापर्यंत जुळली, 100 टक्के यश’ असे म्हटले आहे. आम्ही दोन्ही याद्या शेजारी लावून तपासल्या तेव्हा 412 बॅच क्रमांक बदललेले आढळले. `00417` चे `417` झाले आहे, `24E03` चे `2.40E+04` झाले आहे आणि `MAR24` चे `24-Mar` झाले आहे. ही एक्सेलची ओळखीची खूण आहे : आकड्यांआधीची शून्ये गळतात, मधला E घातांक समजला जातो आणि महिन्यासारखे दिसणारे अक्षरगट तारीख होतात. म्हणजे फाइल वाटेत उघडली गेली होती.

किंमत जुळली म्हणून डेटा बरोबर आला असे का म्हणता येत नाही, ते सांगणे आवश्यक आहे. बॅच क्रमांक बिघडला तरी नग आणि दर तेच राहतात, त्यामुळे बेरजेत काहीच फरक पडत नाही. चूक उघड होते ती नंतर. केमिस्ट माल परत करतो तेव्हा जुन्या बिलावरची बॅच नव्या प्रणालीत सापडत नाही. एखादी बॅच बाजारातून मागे घेण्याची सूचना आली तर ती कोणाकोणाला गेली हे शोधताना यादी अपुरी निघते. घाऊक विक्रीच्या बिलावर बॅच क्रमांक लिहिणे ही आमच्या परवान्याची अट आहे. त्यामुळे या 412 ओळी आम्ही किरकोळ मानू शकत नाही.

तिसरा निकष ई-इन्व्हॉइसचा आहे आणि आमची सर्वात मोठी हरकत इथे आहे. बिलाची माहिती सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टलकडे पोहोचली, पण उत्तर येण्याआधी नेट गेले, तर काय होते हे चाचणी सर्व्हरवर तपासायचे होते. नेट परत आल्यावर त्या बिलाला एकच आयआरएन, म्हणजे पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, मिळाला पाहिजे आणि ऑपरेटरला नवा बिल क्रमांक घ्यावा लागता कामा नये, एवढाच निकष होता. आपल्या माणसांनी 20 बिलांवर हाताने केबल काढून चाचणी केली. लॉगमधील वेळा पाहिल्यास त्यांतल्या 14 बिलांचे उत्तर केबल निघण्याआधीच आले होते. म्हणजे त्या 14 बिलांची ही चाचणी झालीच नाही. खऱ्या अर्थाने मध्येच तुटलेली बिले फक्त 6 आणि ती सहाही नापास झाली. अहवालात मात्र ‘20 पैकी 14 यशस्वी, 70 टक्के’ असे लिहून 10 पैकी 7 गुण घेतले आहेत.

त्या सहा बिलांचे काय झाले ते लॉगमध्ये आहे. सॉफ्टवेअरने बिल पुन्हा पाठवले. पोर्टलने `2150`, म्हणजे हा आयआरएन आधीच दिलेला आहे, असे कळवले आणि त्याच उत्तरात `DUPIRN` या खुणेखाली आधीचा आयआरएनही परत दिला. तो वाचून बिलावर घेणे एवढेच काम होते. आपल्या सॉफ्टवेअरने उत्तरातला तो भाग न वाचता बिल ‘अयशस्वी’ ठरवले आणि ऑपरेटरपुढे नवा क्रमांक घेण्याचा पर्याय ठेवला. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक यांवरून तयार होतो. क्रमांक तोच असेल तर पोर्टल दुसरे बिल अडवते, पण क्रमांक बदलला की त्याच मालाचे दुसरे वैध बिल तयार होते आणि ते अडवायला कोणी उरत नाही. दोन्ही बिले जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात जातात. पोर्टलवर आयआरएन रद्द करायला 24 तास मिळतात, त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. गर्दीच्या संध्याकाळी झालेली ही चूक महिनाअखेरच्या ताळमेळाशिवाय कोणाच्या लक्षातही येणार नाही.

याखेरीज, चाचणी चालू असताना डेटाबेसमध्ये थेट बदल करायचा नाही असे ठरले होते. तरीही आपल्या अॅडमिन लॉगिनवरून अडकलेली बिले हाताने सोडवल्याच्या नोंदी आहेत. त्या काळातले कोणतेही निकाल आम्ही ग्राह्य धरणार नाही.

आमच्या मागण्या अशा. परवान्याचे बिल आणि ‘यशस्वी’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. चाचणीचा सर्व्हर आहे त्या स्थितीत गोठवून मूळ लॉग आणि डेटाबेसची प्रत आमच्याकडे द्यावी. फेरचाचणी करायची असल्यास ती याच निकषपत्रावर, मूळ 600 ऑर्डरींच्या संचावर आणि आमच्या ऑपरेटरांच्या हातून व्हावी. आपल्या अभियंत्यांनी पाहावे, पण अॅडमिन लॉगिन आमच्या ताब्यात राहील. डेटा आणताना बॅचचा रकाना सुरुवातीपासून मजकूर म्हणूनच वाचला जावा. ई-इन्व्हॉइससाठी केबल काढण्याऐवजी मध्ये असा सर्व्हर ठेवावा जो विनंती पुढे जाऊ देईल आणि उत्तर अडवून धरेल, म्हणजे 20 पैकी 20 बिले नेमक्या त्याच क्षणी तुटतील. 20 पैकी 20 बिलांना प्रत्येकी एकच आयआरएन मिळाला तरच निकष पूर्ण झाला असे आम्ही मानू.

बिलाच्या ओळींबाबतची दुरुस्ती आणि `2150` चे उत्तर वाचण्याची दुरुस्ती फेरचाचणीआधी झालेली असावी आणि कोणत्या आवृत्तीत झाली तो क्रमांक कळवावा. चाचणी सुरू झाल्यावर आवृत्ती बदलल्यास तिन्ही चाचण्या पहिल्यापासून घ्याव्या लागतील.

हे पत्र मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत आपला लेखी होकार न आल्यास निकषपत्रातील तरतुदीनुसार पीओसी अयशस्वी समजून ती संपवली जाईल. तसे झाल्यास चाचणीसाठी भरलेले शुल्क परत करावे. आमच्या ग्राहकांची यादी, दर आणि साठ्याचा डेटा बॅकअपसह आपल्या सर्व सर्व्हरांवरून काढून टाकल्याचे सही-शिक्क्याचे पत्रही द्यावे.

सोबत : 69 बिलांची वेळ व ओळींसह यादी, बदललेल्या 412 बॅच क्रमांकांची तुलना, सहा बिलांचे लॉग, सह्या झालेल्या निकषपत्राची प्रत.

आपला विश्वासू,
खरेदी व संगणक विभाग प्रमुख
(औषधांचे घाऊक विक्रेते, पुणे)