रात्रीचा अलार्म आणि हजेरी

मुलींनो, काल रात्री 1.40 ला दुसऱ्या मजल्यावरचा फायर अलार्म वाजला. इंडक्शनवर विसरलेलं पातेलं करपून धूर झाला होता, आग नव्हती. तरी सगळ्यांना जिन्याने खाली आणलं. गेटजवळ मोजल्या तर 58. रजिस्टरप्रमाणे हव्या होत्या 61. दोघी नोंद न करता सिन्नरला घरी गेल्याचं फोन केल्यावर कळलं. तिसरी रिकाम्या खोलीत इअरफोन घालून झोपली होती, म्हणून तिथं कुणी दार वाजवलंच नाही. तिला शोधायला वॉचमनकाका धुरातून वर गेले, हे मला फार लागलं.

बाहेर जाताना, दुसऱ्या खोलीत झोपतानाही रजिस्टरमध्ये लिहा. खाली खोलीनुसार उभ्या राहा, म्हणजे कोण नाही ते लगेच कळतं. मोजणी संपेपर्यंत कुणीही वर जायचं नाही, मोबाईल आणायलासुद्धा नाही.

– वॉर्डन, मुलींचं वसतिगृह, नाशिक